रिकाम्या जागेची थोरवी

दोन शब्दांच्या मध्ये जी रिकामी जागा असते, तिच्याकडून जगातल्या बहुतेक भाषा काहीच काम करून घेत नाहीत. एक शब्द संपला, दुसरा सुरू झाला, एवढं सांगितलं की ती मोकळी. रशियन शाळेने तिला असं ऐतखाऊ राहू दिलेलं नाही. रशियनमध्ये नकारासाठी 'न्ये' नावाचं एक दोन अक्षरी अव्यय आहे. ते पुढच्या शब्दाला चिकटवून लिहायचं की मध्ये जागा सोडायची, यावर विद्यार्थ्याने काय नाकारलं, काय ठासून सांगितलं, वाक्यात पुढे काय येणार आहे आणि शब्दाच्या शेजारी कोण उभं आहे, हे सगळं ठरतं. उच्चारात यातलं काहीही ऐकू येत नाही. पेनाच्या टोकाएवढ्या कोऱ्या जागेवर इतका मजकूर बसवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, आणि त्याचं कौतुक अजून कुणी रीतसर केलेलं नाही म्हणून हा प्रपंच.

सुरुवात क्रियापदापासून होते आणि ती मुद्दाम सोपी ठेवलेली असावी, नाहीतर मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात येणार नाहीत. क्रियापद असेल तर न्ये नेहमी सुटं. 'न्ये झ्नायू' म्हणजे मला ठाऊक नाही. झालं. अपवाद फक्त त्या क्रियापदांचा, जी न्येशिवाय जगूच शकत नाहीत. 'न्येनाविद्येत' म्हणजे द्वेष करणं. त्यातलं न्ये काढलं तर मागे जे उरतं त्याला आजच्या रशियनमध्ये काही अर्थ नाही. म्हणून ते जोडून.

एवढ्यावर थांबलं असतं तर नियम लोकांना समजला असता आणि त्याचा दरारा गेला असता. तेव्हा पुढची पायरी येते. 'दोयेदात' म्हणजे ताटातलं संपवणं. पोराने सूप अर्धं टाकलं तर तो 'न्ये दोयेदात', सुटं. पण त्याला मुळात पोटभर मिळतच नसेल, तो महिनोन्‌महिने अर्धपोटी राहत असेल, तर ते 'न्येदोयेदात', जोडून. कारण तिथे 'न्येदो' हा एकसंध उपसर्ग धरायचा, ज्याचा अर्थ 'हवं त्यापेक्षा कमी'. म्हणजे लाडावलेल्या मुलाला जागा मिळते, उपाशी मुलाला मिळत नाही. नियम किती वास्तववादी आहे बघा. दाईचं मुलाकडे दुर्लक्ष झालं तर जोडून आणि तीच दाई नाटक अर्ध्यावर सोडून उठली तर तेच क्रियापद तोडून. ज्या विद्यार्थ्याला हे कळलं, त्याला क्रियापदाबद्दल नाही, तर दाईच्या स्वभावाबद्दल काही कळलेलं असतं.

खरी श्रीमंती विशेषणात आहे. इथे नियम सांगतो: न्ये लावल्यावर जर नवा शब्द तयार होत असेल आणि त्याच्या जागी न्ये नसलेला समानार्थी शब्द ठेवता येत असेल, तर जोडून लिहा. 'न्येविसोकी' म्हणजे उंच नसलेला. त्याच्या जागी 'बुटका' ठेवता येतं, म्हणून जोडा. आता कुणी म्हणेल, उंच नसलेला प्रत्येक माणूस काही बुटका नसतो. बहुतेक माणसं या दोहोंच्या मधलीच असतात, आणि 'न्येविसोकी' हा शब्द अगदी त्या मधल्या माणसांसाठीच वापरला जातो. हे खरं आहे. पण नियमाचा मोठेपणा इथेच दिसतो: तो मोजपट्टी घेऊन फिरत नाही. समानार्थी शब्द सापडला, तो थोडासा खोटा असला तरी चालेल. रशियातल्या प्रत्येक मध्यम उंचीच्या माणसाला शुद्धलेखनासाठी क्षणभर बुटकं व्हावं लागतं आणि याबद्दल आजवर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

मग विरोध येतो. वाक्यात 'आ' हे उभयान्वयी येऊन दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या करत असेल, म्हणजे 'नदी खोल नाही, तर उथळ आहे', तर न्ये सुटं. पण तिथे 'नो' आलं, म्हणजे 'नदी फारशी खोल नाही, पण गार आहे', तर न्ये जोडून. कारण खोली आणि गारवा एकमेकांना खोडत नाहीत, दोन्ही एकाच नदीत सुखाने राहतात. नदी तीच, खोली तीच. पण वाक्याच्या शेवटी लेखकाला पाण्याचं तापमान आठवलं की उथळपणा, यावर वाक्याच्या सुरुवातीचं लिखाण ठरतं. त्यामुळे रशियन मूल लहानपणापासून वाक्य शेवटाकडून विचारात घ्यायला शिकतं. इतर देशांत हे कसब मोठेपणी, करारपत्रांवर सही करताना येतं.

आणि हा विरोध कागदावर असलाच पाहिजे असंही नाही. तो मनात असला तरी चालतो. 'नदी न्ये ग्लुबोकाया' असं लिहून मुलाने टिंब दिलं आणि 'तर उथळ आहे' हे मनातच ठेवलं, तरी न्ये सुटं राहतं, कारण विरोध अध्याहृत आहे. आता मनात काय होतं हे कोण ठरवणार? मुलगा तर पेपर देऊन घरी गेलेला असतो. ते तपासनीस ठरवतात. एखाद्याने लिहिताना नेमकं काय नाकारलं, हे त्याच्या पाठीमागे, त्याला न विचारता, केवळ दोन अक्षरांनंतरच्या जागेवरून ओळखणारे लोक जगात फार थोडे. रशियाला ते दर वर्षी शिक्षकांमधूनच मिळतात.

धातुसाधित विशेषणांशी माझं विशेष मैत्र आहे, म्हणून त्यांच्यापाशी जरा रेंगाळतो. एखाद्या खेड्यातलं लाकडी कुंपण घ्या, ज्याला कधी रंगच दिलेला नाही. ते 'न्येक्राशेनी' कुंपण: न्ये जोडलेलं आणि शेवटी 'न' हे अक्षर एकच. आता कुंपणासमोर उभा असलेला शेजारी उसासा टाकून म्हणतो, 'किती दिवसांत रंगवलं नाही'. म्हणजे 'दाव्नो', 'बराच काळ', हा एक शब्द त्याने पुढे जोडला. तत्क्षणी न्ये कुंपणापासून सुटं होतं आणि 'न' दोन होतात: 'दाव्नो न्ये क्राशेन्नी'. कारण अवलंबून असलेला शब्द शेजारी आला की ते विशेषण उरत नाही, क्रियापदाचं नातं त्याला पुन्हा चिकटतं, आणि क्रियापद म्हटलं की न्ये सुटं. बोलताना दोन्ही कुंपणं सारखीच ऐकू येतात. मराठी वाचकाला हे फार परकं वाटू नये, कारण 'बिनरंगाचं' आपणही जोडतो आणि 'कित्येक वर्षं न रंगवलेलं' तोडतो. पण आपल्याकडे शब्दच बदलतो, त्यामुळे चुकायला वाव राहत नाही. रशियनमध्ये शब्द तोच राहतो, आणि वावच वाव.

यालाही अपवाद आहे, आणि तो अतिशय विचारपूर्वक ठेवलेला आहे. शेजारचा शब्द नुसतं प्रमाण सांगत असेल, म्हणजे 'अगदी', 'अत्यंत', 'साफ' अशा जातीचा असेल, तर तो शेजारी धरला जात नाही आणि न्ये पुन्हा चिकटतं. 'साफ अविचाराने घेतलेला निर्णय' जोडून, 'वेळेवर न घेतलेला निर्णय' तोडून. काळ सांगणारा पाहुणा न्येला उठवतो, प्रमाण सांगणारा उठवत नाही. सरकारी कचेरीत ज्याने कधी रांग धरली आहे त्याला हे तत्त्व चटकन समजेल.

हे सगळं आपोआप उगवलेलं नाही. सबंध देशासाठी बंधनकारक अशी शुद्धलेखनाची पहिली पूर्ण संहिता सोव्हिएत संघाने 1956 साली मंजूर केली. विज्ञान अकादमी आणि शिक्षण खाती यांनी मिळून. पण लोकांच्या तोंडी ती संहिता नाही, दीत्मार रोझेन्ताल यांचं नाव आहे. त्यांची शुद्धलेखनाची मार्गदर्शकं पिढ्यान्‌पिढ्या संपादकांच्या आणि शिक्षकांच्या टेबलावर राहिली, इतकी की एखादी गोष्ट 'रोझेन्तालनुसार' बरोबर आहे असं म्हटलं की वाद संपतो. हे गृहस्थ जन्माने पोलंडमधल्या लॉड्झ शहरचे. रशियन ही काही त्यांची जन्मभाषा नव्हती. ज्यांना ती बाळघुटीबरोबर मिळाली होती त्यांना ती नेमकी कशी लिहायची हे त्यांनीच सांगितलं. यातला न्याय वादातीत आहे: ज्याने भाषा कष्टाने कमावली, त्याने इतरांना ती फुकट मिळू द्यावी कशाला?

आता प्रत्यक्ष निबंधाकडे येऊ. अकरावीचा एक विद्यार्थी गोंचारोवच्या 1859 सालच्या 'ओब्लोमोव' या कादंबरीवर लिहायला बसला आहे, असं धरू. ज्या नायकाला दिवाणावरून उठायला शेकडो पानं लागतात त्याच्यावर निबंध लिहायचा म्हणजे नकार आलाच.

पहिलं वाक्य: 'मित्रांनी कितीही सांगितलं तरी ओब्लोमोव पडून राहतो.' यातलं 'तरी' म्हणजे 'न्येस्मात्र्या', जोडून. हा शब्द मुळात 'न बघता' या अर्थाचा होता, पण त्याने बघणं सोडलं, संबंध दाखवायची नोकरी धरली आणि त्या दिवसापासून न्ये त्याला चिकटलं. विद्यार्थी खूश होतो आणि पुढे लिहितो: 'खिडकीबाहेर न बघता तो विचार करतो.' इथे खरोखरच डोळ्यांची गोष्ट आहे, म्हणून 'न्ये स्मात्र्या', तोडून. दोन ओळींच्या अंतरात एकच शब्द दोनदा, एकदा नजर गमावलेला आणि एकदा शाबूत. विद्यार्थ्याने दोन्ही ठिकाणी जोडून लिहिलं तर ओब्लोमोव खिडकीबाहेर न बघता नव्हे, तर खिडकीला न जुमानता विचार करत राहतो. ओब्लोमोवच्या बाबतीत हा अर्थही अगदीच चूक म्हणता येणार नाही, पण तपासनीस साहित्याचे गुण दुसऱ्या रकान्यात देतात.

दुसरं वाक्य: 'त्याला उठायचं काही कारणच नाही.' हे 'न्येझाचेम', एका श्वासात, एका शब्दात. पण पुढे विद्यार्थ्याला सुचतं की जगाकडून त्याला लपायलाही काही आडोसा नाही. 'ज्याच्या मागे लपावं असं काही नाही' यातलं तेच उच्चारण आता तीन शब्दांत लिहायचं, 'न्ये झा चेम', कारण मधला 'झा' म्हणजे 'मागे' हे संबंधसूचक खरोखर काम करत आहे आणि काम करणाऱ्याला दोन्ही बाजूंनी जागा द्यावी लागते. कारण नसेल तर एक शब्द, आडोसा नसेल तर तीन. ज्याला गैरसोय जास्त, त्याला कागदही जास्त.

तिसरं वाक्य मात्र मला फार प्रिय आहे. विद्यार्थ्याला लिहायचं आहे की ओब्लोमोव आळशी असला तरी मूर्ख नाही. 'ओब्लोमोव न्येग्लूप' की 'ओब्लोमोव न्ये ग्लूप'? पहिल्याचा अर्थ, तो बऱ्यापैकी हुशार आहे: गुण ठामपणे सांगितला. दुसऱ्याचा अर्थ, तो मूर्ख आहे हे मी नाकारतो: आरोप फेटाळला, हुशारीबद्दल एक शब्दही काढला नाही. व्याकरण दोन्हींना मान्यता देतं आणि निवड लिहिणाऱ्यावर सोपवतं. सतरा वर्षांच्या मुलाने, थंडीत, घड्याळ चालू असताना, काल्पनिक माणसाच्या बुद्धीबद्दल आपण साक्षीदार आहोत की वकील, हे स्वतःशी ठरवायचं आणि मग जागा सोडायची किंवा नाही सोडायची. त्याला मदत हवी असेल तर एक उपाय आहे. त्याने मध्ये 'वोव्स्ये', म्हणजे 'मुळीच', घातलं तर तोडणं भाग आहे. 'ओचिन', म्हणजे 'खूप', घातलं तर जोडणं भाग आहे. म्हणजे 'मुळीच मूर्ख नाही' सुटसुटीत आणि 'फारच हुशार' जोडलेलं. मत कोणतंही असो, एक जास्तीचा शब्द खर्च केला की जबाबदारीतून सुटका होते. मोठेपणी वृत्तपत्रांत लिहिणारे बरेच लोक हे तत्त्व विसरलेले दिसत नाहीत.

शेवटी मित्र श्टोल्ट्स येतो. 'त्याला हलवू पाहणारा हा दुसरा तिसरा कोणी नसून श्टोल्ट्सच.' इथे 'न्ये क्तो इनोय', तीन सुटे शब्द. पण 'श्टोल्ट्सशिवाय दुसरं कुणीही त्याला हलवू शकलं नसतं' म्हणायचं असेल तर 'निक्तो इनोय', न्येच्या जागी नि, आणि तो जोडलेला. पहिल्या वाक्यात नकार दिसतो पण नाही, ते होकारार्थी आहे. दुसऱ्यात नकार खरा आहे आणि तो पुढे क्रियापदाशी पुन्हा एकदा येतो.

आता या निबंधाचं काय होतं ते पाहू, कारण इथे व्यवस्थेचा मऊ स्वभाव दिसतो. तपासनीसांसाठीच्या सूचनांत चुकांचे दोन वर्ग आहेत: घोर आणि सौम्य. सौम्य चुका दोन झाल्या की एक धरायची. आणि या सौम्य चुकांच्या यादीत, अपवादांच्या आणि इतर बारीकसारीक गोष्टींच्या शेजारी, आपले दोन्ही मित्र बसलेले आहेत: विधेय म्हणून आलेल्या विशेषणांशी व धातुसाधितांशी न्ये जोडणं-तोडणं, आणि 'न्ये क्तो इनोय, निक्तो इनोय' यांतला घोळ. म्हणजे नियम करणाऱ्यांनी नियम केला, तो वर्षानुवर्षं शिकवला आणि मग तो अर्धाच चुकता येतो हेही लिहून ठेवलं. ओब्लोमोवच्या बुद्धीबद्दल विद्यार्थ्याचं मत अर्ध्या चुकीच्या किमतीचं आहे. असा अधिकृत भाव फार कमी साहित्यकृतींना मिळतो.

डिसेंबरात अकरावीच्या मुलांचा जो शेवटचा निबंध असतो, जो 2014 पासून पुन्हा सुरू झाला आणि ज्यात पास झाल्याशिवाय पुढच्या परीक्षेला बसता येत नाही, तिथे तर औदार्याची कमाल आहे. वेळ 3 तास 55 मिनिटं, शब्द किमान 250, आणि सोबत शुद्धलेखनाचा शब्दकोश वापरायची परवानगी. शब्दकोश! विद्यार्थी घाईने 'न्येग्लूपी' उघडतो. तो शब्द तिथे आहे, जोडलेला, निःसंदिग्ध. पण त्याचा अर्थ एवढाच की असा शब्द अस्तित्वात आहे. आपल्या वाक्यात तो हवा आहे की बऱ्याच पानांआधी येणारा सुटा 'ग्लूपी', हे शब्दकोश सांगत नाही, कारण ते शब्दकोशाला ठाऊक असायचं कारण नाही. ते विद्यार्थ्याच्या मनात आहे. विद्यार्थी पान उलटतो, मनात डोकावतो, पुन्हा पान उलटतो. यात चांगली पाच मिनिटं जातात, आणि 3 तास 55 मिनिटं इतकी का दिली असावीत हे तेव्हा उमगतं.

म्हणून अनुभवी शिक्षक एक गुप्त उपाय सांगतात: शंका असेल तिथे शब्दच टाळा. 'न्येग्लूप' नको, 'उम्योन' लिहा, सरळ 'हुशार'. उंच नसलेला नको, बुटका. खोल नसलेली नको, उथळ. हळूहळू मुलांच्या निबंधांतून सगळा मध्यम प्रदेश नाहीसा होतो आणि रशियन साहित्यातली माणसं एकतर हुशार आणि उंच, नाहीतर मूर्ख आणि बुटकी होतात. न्ये मात्र कोणत्याही चुकीपासून सुरक्षित राहतं, कारण ते कुणी लिहीतच नाही. फक्त चौथ्या निकषात लेखनाचा दर्जा आणि विविध शब्दसंपत्ती बघतात, तेव्हा तिथे थोडी अडचण होते. पण तीही जीवघेणी नाही. पहिले दोन निकष आणि उरलेल्या तिनांपैकी कोणताही एक जमला तरी पुरे. म्हणजे तिसरा किंवा चौथा जमला की शुद्धलेखनाच्या पाचव्या निकषात, 100 शब्दांमागे पाचाहून जास्त चुका करून, मूल साफ बुडालं तरी पास होऊ शकतं. न्येचा सबंध किल्ला एका बाजूने उघडा ठेवलेला आहे, पण मुलं इतकी आज्ञाधारक की समोरच्या दरवाजावर धडका मारत राहतात.

जो तरीही अडकतो त्याच्या नावापुढे निकालात 'न्येझाच्योत' लिहिलेलं येतं, म्हणजे नापास. हा शब्द जोडून लिहायचा, कारण तो आता एक स्वतंत्र, नांदती गोष्ट आहे. त्याला फेब्रुवारीत पुन्हा बसता येतं. दरम्यान त्याची आई शाळेत अर्ज घेऊन येते आणि त्यात लिहिते, 'हे पास करणं नव्हे, ही थट्टा आहे.' तिथे विरोध आहे, 'आ' आहे, म्हणून न्ये सुटं. बाईंनी रागाच्या भरात ते जोडून लिहिलेलं असतं, आणि लिपिक अर्ज घेण्याआधी लाल पेनाने मध्ये एक उभी रेघ मारतो.